दहा दिवसांची मुदत : वडिलांच्या आजाराचं स्वप्न आणि मामांचं उत्तर

मुलगा २७ वर्षांचा. हिंजवडीत नोकरी, वाकडला तीन मित्रांसोबत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा. आई-वडील कराडजवळच्या गावी. वडिलांना तो अण्णा म्हणतो, ते एस.टी.त वाहक होते, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. मामा वाईला असतात, आयुर्वेदाचे वैद्य, साठी उलटली तरी दवाखाना चालू. हा मुलगा माझ्याकडे समुपदेशनासाठी आला तेव्हा मोबाइलमध्ये मामांचं एक लांबलचक उत्तर घेऊन आला होता. भाचा आणि मामा दोघांच्या संमतीने हे लिहिते आहे, आणि कोणाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

स्वप्न असं होतं. गावच्या घराच्या ओसरीवर खाट टाकलेली, खाटेवर अण्णा, वाळून काटकुळे झालेले. दोन अनोळखी बायका त्यांच्या अंगाला तेल चोळताहेत. अण्णा ओठ हलवून काहीतरी मागताहेत, पण आवाज येत नाही. मुलगा उंबऱ्यातून पुढे जायला बघतो तर चपला सापडत नाहीत. तेवढ्यात जाग आली. पहाटेचे ४.४० झाले होते.

पुढच्या वीस मिनिटांत त्याने मोबाइलवर जे वाचलं त्यानेच खरं प्रकरण सुरू झालं. अंगाला तेल चोळलेलं दिसणं अशुभ, आणि अरुणोदयाच्या वेळी पडलेल्या स्वप्नाचं फळ दहा दिवसांत मिळतं. या दोन्ही गोष्टी कोणी आज रचलेल्या नाहीत. अग्निपुराणातल्या स्वप्नाध्यायात रात्रीच्या प्रहरांप्रमाणे मुदती दिल्या आहेत: पहिल्या प्रहरातल्या स्वप्नाला वर्ष, दुसऱ्याला सहा महिने, तिसऱ्याला तीन महिने, चौथ्याला पंधरवडा आणि अरुणोदयाला दहा दिवस. आपल्याकडे ‘पहाटेचं स्वप्न खरं होतं’ असं जे सहज बोललं जातं, त्यामागे हीच जुनी मोजणी आहे. मुलाने कॅलेंडरमध्ये दहावा दिवस नोंदवून ठेवला.

पाच वाजता त्याने घरी फोन केला. आई घाबरून उठली. अण्णा म्हणाले, “काय रे, एवढ्या सकाळी?” त्याने चालायला बाहेर पडल्याची थाप मारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचला फोन, पुन्हा तीच थाप. आत्याला सांगितलं तर तिने महामृत्युंजयाचा जप सुचवला. मावशी म्हणाली, “वेड्या, स्वप्नात कोणी मेलेलं-आजारी दिसलं की त्याचं आयुष्य वाढतं, चांगलंच आहे ते.” मावशीच्या बोलण्याने दुपारपर्यंत बरं वाटलं. संध्याकाळी पुन्हा छातीत धडधड. मग त्याने मामांना लिहिलं. त्या निरोपातली दोन वाक्यं महत्त्वाची आहेत: “भरतालाही मामाच्या घरी असताना वडिलांचं असंच स्वप्न पडलं होतं ना? हा संकेत असेल तर मी इथे बसून काय करतोय?”

पहिल्या वाक्यात भीतीचा पुरावा आहे. दुसऱ्यात भीतीचं मूळ आहे, पण ते त्याला स्वतःला दिसत नव्हतं. गणपतीनंतर चार महिने तो घरी गेला नव्हता.

मामांनी लगेच उत्तर दिलं नाही. एक दिवस थांबून लिहिलं. त्यातला मोठा भाग जसाच्या तसा देते.

“भाचेबुवा,

तुझा निरोप काल रात्री वाचला. थांबलो, कारण आधी आक्काशी बोलायचं होतं. तुझं नाव काढलं नाही. दाजींशीही बोललो. ते ठीक आहेत. ठीक म्हणजे काय ते पुढे लिहितो, नाहीतर अर्ध्या तासात तू पुन्हा विचारशील.

दाजींच्या वरच्या चार दाढा गेल्या महिन्यात काढल्या. कराडला. ‘पोराला कशाला उगाच घोर’ म्हणून तुला कळवलं नाही. त्यामुळे गाल बसलेत. तीन आठवडे पेज, वरण-भात आणि ताकावर आहेत, वजन दोन-अडीच किलो उतरलंय. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू आक्काला विचारलंस, अण्णा असे का दिसतायत? ती म्हणाली, काही नाही रे, इथं उजेड कमी आहे. आठवतंय? मला हे तिनेच सांगितलं. म्हणजे तू जागेपणी बघितलंस, विचारलंस आणि तुला खोटं उत्तर मिळालं. डोळ्याने पाहिलेलं कानाने ऐकलेल्याशी जुळलं नाही की मन ते गाठोड्यात बांधून ठेवतं. ते गाठोडं रात्री सुटलं.

तेलाचं बघ. दाजींच्या गुडघ्यांना आक्का रोज महानारायण तेल लावते. ती बाटली माझ्याकडूनच गेली, आणि गणपतीत वाईहून गावी तूच घेऊन गेलास. ओठ हलतात पण आवाज येत नाही, हे तर तुमच्या गावच्या रेंजचं रोजचं रडगाणं. चपलांचं मला काही उमगलं नाही. सगळ्याचा अर्थ लागलाच पाहिजे असं कुठे आहे?

आता शास्त्राबद्दल. तू शास्त्र काढलंस म्हणून मीही काढतो. चरकाने इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितलेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढे घडणारं आणि दोषांच्या बिघाडातून आलेलं. यातली पहिली पाच निष्फळ, असं वैद्याने सांगावं, असा स्पष्ट शब्द आहे. तुझं स्वप्न पहिल्या तीनमध्ये अख्खं बसतं. तू म्हणशील, ही स्वप्नं रोग्याची असतात, माझं तसं नाही. मुद्दा बरोबर आहे, आणि तुझ्या बाजूचा एक पुरावा मीच देतो. सुश्रुत म्हणतो की रोग्याची स्वतःची आणि त्याच्या सुहृदांची, दोघांचीही स्वप्नं वैद्याने विचारात घ्यावीत. मुलगा म्हणजे सुहृदच. पण त्याच अध्यायात, सूत्रस्थानाच्या २९व्या, तो सांगतो की ‘चिन्ताकृत’ स्वप्न, म्हणजे काळजीतून पडलेलं, निष्फळ असतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनाही हा फरक कळत होता. मोबाइलवर तुला अर्धाच अध्याय दिसला.

भरताचं म्हणतोस, तर अयोध्याकांड नीट वाच. दशरथ डोंगराच्या कड्यावरून शेणाच्या डबक्यात पडतो, ओंजळीने तेल पितो, काळं वस्त्र नेसून गाढवांच्या रथातून दक्षिणेला जातो, असं भरत बघतो. पण कधी? ज्या रात्री अयोध्येचे दूत केकयांच्या नगरात शिरले त्याच रात्री. दशरथ त्याआधीच गेला होता, त्याचं शरीर अयोध्येत तेलाच्या द्रोणीत ठेवलं होतं. भरताने स्वप्न मनावर घेऊन त्याच पहाटे रथ जुंपला असता तरी वडील भेटले नसते. वाल्मीकीने हे स्वप्न श्रोत्यांच्या पोटात गोळा आणण्यासाठी रचलंय. कथेत स्वप्न कधी वाया जात नाही, कारण वाया जाणारं स्वप्न कवी सांगतच नाही.

आता कामाचं. दाढा काढताना तिथल्या डॉक्टरांनी साखर बघितली होती, जरा वर होती. उपाशीपोटी पुन्हा करा म्हणाले होते, ते राहून गेलं. हे स्वप्नाच्या तीन आठवडे आधीचं आहे, लक्षात ठेव. गुरुवारी सकाळी मी दाजींना तपासायला पाठवतोय. उपाशीपोटीची साखर आणि मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी, दोन्ही. तुला स्वप्न पडलं नसतं तरी हे करायचंच होतं.

तू आठ दिवस घरी फोन करायचा नाहीस. रिपोर्ट मी कळवीन. आणि शनिवारी गावी ये. स्वप्नासाठी नको. चार महिने झालेत, म्हणून ये.

— मामा”

हे उत्तर चांगलं का होतं ते सांगायचं तर मामांनी काय टाळलं तिथून सुरुवात करायला हवी. मावशीचं ‘आयुष्य वाढतं’ हे वाक्य त्यांच्याही हाताशी होतं, वाईत ते प्रत्येक घरात म्हटलं जातं. त्यांनी ते वापरलं नाही. मावशी अशुभ संकेताला शुभ संकेताने उत्तर देते. त्यामुळे स्वप्न वडिलांच्या तब्येतीबद्दल काही सांगतं हा मूळ समज तसाच राहतो, फक्त निकाल बदलतो. निकाल बदलला की अपीलही करता येतं, आणि मुलाने संध्याकाळपर्यंत ते केलंच: ‘मेलेलं दिसलं तर आयुष्य वाढतं, पण अण्णा तर आजारीच दिसले होते.’ जपाचंही तेच. जप करण्यात काही वाईट नाही, आणि श्रद्धेने करणाऱ्याला मी कधी अडवत नाही. पण संकट टळावं म्हणून केलेला जप संकट खरं होतं हे गृहीत धरूनच चालतो. दहा दिवस काही घडलं नाही तर ते जपाने टळलं, आणि पुढच्या स्वप्नाला पुन्हा जप.

मामांनी स्वप्न आणि अण्णांचं शरीर यांचा संबंध सोडवला. स्वप्नाचे धागे मुलाच्या मागच्या आठवड्यात शोधले, आणि अण्णांच्या शरीराची चौकशी थेट अण्णांकडेच केली. एक दिवस थांबले तेही याचसाठी. माहिती नसताना दिलेला धीर किती वेळ टिकतो हे मावशीच्या वाक्याने दाखवलंच होतं.

दाढांचं लपवणं हा या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. आपल्या घरांत दूर असलेल्या मुलांपासून लहान-मोठी दुखणी लपवायची रीतच आहे, आणि ती मायेपोटीच असते. पण मुलं फोनवरच्या आवाजातला फरक ओळखतात. एकदा का ‘काही नाही रे’ खोटं निघतं हे कळलं, की नंतरच्या प्रत्येक ‘काही नाही रे’चा अर्थ ‘काहीतरी आहे’ असा होतो. या मुलाच्या पहाटेच्या फोनना आई तेच उत्तर देत होती, म्हणून प्रत्येक फोननंतर त्याची भीती कमी होण्याऐवजी वाढत होती. पुढे मी त्याच्या आईशी बोलले ते एवढ्याचसाठी. ठरलं असं की डॉक्टरकडे जावं लागलं तर त्याच संध्याकाळी सांगायचं, दुखणं कितीही किरकोळ असलं तरी.

पहाटेबद्दल मामांनी काही लिहिलं नाही, ते मी मुलाला सांगितलं. शिकागोमध्ये यूजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ साली झोपेतली एक अवस्था नोंदवली, जिच्यात बंद पापण्यांआड बुबुळं झरझर हलतात. ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं प्रामुख्याने याच अवस्थेत पडतात. झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं असतं. रात्रीच्या पहिल्या चक्रात ही अवस्था काही मिनिटंच टिकते, आणि जसजशी पहाट होते तशी लांबत जाते, शेवटच्या चक्रांत अर्धा तास किंवा त्याहून जास्त. शिवाय त्या अवस्थेतून थेट जाग आली तर स्वप्न आठवतं, मध्ये पुन्हा गाढ झोप लागली तर पुसलं जातं. म्हणजे पहाटेची स्वप्नं लांब, ठळक आणि लक्षात राहणारी असतात. खरी ठरली की नाही हे तपासायला आपल्याकडे जी स्वप्नं उरतात ती बहुतेक पहाटेचीच. पहिल्या प्रहरातलं स्वप्न वर्षभर लक्षात ठेवून ताळा कोण करणार?

गुरुवारी रिपोर्ट आला. उपाशीपोटीची साखर ११२, एचबीए१सी ६.१. उपाशीपोटी १०० पर्यंत ठीक, १२६ आणि पुढे मधुमेह, एचबीए१सी ५.७ पासून सीमारेषा आणि ६.५ पासून मधुमेह. अण्णा दोन्हीकडे मधल्या पट्ट्यात होते, ज्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. औषध लागलं नाही. चालणं, खाण्यात बदल आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, असं डॉक्टरांनी सांगितलं. उतरलेल्या वजनाबद्दल मामांनी आधीच विचार केला होता. कारण नसताना सहा महिने ते वर्षभरात शरीराच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त वजन गेलं तर शोध घ्यावाच लागतो. इथे त्याहून कमी होतं आणि दाढांचं कारण समोर होतं. तरीही त्यांनी महिन्याने पुन्हा वजन करायला सांगितलं, कारण खाणं सुरळीत झाल्यावर ते परत यायला हवं. ते आलं.

पण मुलाने रिपोर्ट वेगळाच वाचला. त्याने मामांना लिहिलं: “म्हणजे स्वप्न खरंच होतं.” शोधता शोधता त्याला चरकाचाच आणखी एक श्लोक सापडला होता, त्याच इंद्रियस्थानातला: स्वप्नात चांडाळांबरोबर नाना प्रकारचा स्नेह, म्हणजे तेल-तूप, पिणाऱ्याला प्रमेह, म्हणजे मधुमेहाच्या जातीचा विकार, होतो आणि त्यातच त्याचा अंत होतो. तेल, प्रमेह, साखर. सगळं जुळत होतं.

अशा प्रकरणात खरी कसोटी इथे लागते. रिपोर्ट अगदी स्वच्छ आला असता तर सुटका सोपी होती. अर्धवट आलेला रिपोर्ट भीतीला चारा देतो. मामांचं दुसरं उत्तर छोटं होतं:

“श्लोक पुन्हा वाच. तेल पितो तो स्वप्न बघणारा, आणि प्रमेह होतो तो त्यालाच. हा श्लोक लावायचाच असेल तर साखर तुझी तपासावी लागेल, दाजींची नाही, आणि तूही तेल प्यायला नव्हतास. दुसरं, दाजींची साखर वर असल्याचं दंतवैद्याच्या कागदावर आहे. त्या कागदाची तारीख बघ, मग तुझ्या स्वप्नाची बघ. तिसरं, साठीतल्या कुठल्याही माणसाचे पाच तपास कर, त्यातला एक तरी इकडे-तिकडे निघेल. तू अण्णांऐवजी माझं स्वप्न बघितलं असतंस तर माझं कोलेस्टेरॉल सापडलं असतं.”

तिसऱ्या मुद्द्याला आकड्यांचा आधार आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत वीस वर्षांवरच्या लोकसंख्येत मधुमेह ११.४ टक्के आणि मधुमेहपूर्व अवस्था १५.३ टक्के आढळली. दर चार प्रौढांमागे एकापेक्षा जास्त माणसाच्या साखरेत काहीतरी सापडणार, आणि वयाबरोबर हे प्रमाण वाढतं. ‘वडील आजारी’ हे भाकीत इतकं सैल आहे की ते चुकणंच अवघड.

भाकीत जरा घट्ट असेल तर काय होतं, याचं एक जुनं उदाहरण मी त्याला सांगितलं. १९३२ मध्ये अमेरिकेत वैमानिक चार्ल्स लिंडबर्गच्या तान्ह्या मुलाचं अपहरण झालं आणि देशभर खळबळ माजली. मूल सापडण्याआधीच हार्वर्डच्या हेन्री मरे यांनी वर्तमानपत्रातून लोकांना आवाहन करून या घटनेबद्दलची स्वप्नं मागवली. तेराशेवर स्वप्नं आली. पुढे मूल घरापासून काही मैलांवर झाडीत, उथळ खड्ड्यात पुरलेलं, मृतावस्थेत सापडलं. स्वप्नं तपासली तेव्हा मूल मेलेलं दिसलं अशी शंभरात पाचच्या आसपास निघाली. मृत, पुरलेलं आणि झाडीत, या तिन्ही गोष्टी असलेली फक्त चार. या चौघांनी आपलं स्वप्न आयुष्यभर सांगितलं असणार. उरलेल्या बाराशेवर लोकांनी ते कुणालाही सांगितलं नसणार, आणि आपण स्वप्न खरं ठरल्याच्या ज्या गोष्टी ऐकतो त्या अशा चौघांच्याच असतात.

मामांच्या उत्तरात एका ठिकाणी माझा मतभेद आहे. आठ दिवस फोन अजिबात नको, हे त्यांनी एका फटक्यात तोडलं. हेतू योग्य होता: पहाटेचा प्रत्येक फोन तासाभराचा दिलासा देतो आणि त्या बदल्यात पुढच्या पहाटेची गरज पक्की करतो. पण एकदम सगळं बंद केलं की मुलगा इतर वाटा शोधतो, आणि याने शोधल्या. शेजारच्या काकूंना निरोप, आईचं ‘लास्ट सीन’ तासातासाला बघणं, अण्णांच्या पेन्शनच्या बँक खात्याचे मेसेज तपासणं. तपासणं थांबलं नाही, आडवाटेला लागलं. मी फोन रोज रात्री साडेआठला ठेवायला सांगितलं, एकदाच, आणि बोलणं तब्येतीने सुरू करायचं नाही. पाऊस, भाऊबंदकी, ऊस कधी तुटणार, काहीही चालेल. ‘लास्ट सीन’ त्याने सेटिंगमधून बंद करून टाकलं. स्वतःचं बंद केलं की दुसऱ्यांचंही दिसत नाही, हे या प्रकरणात फारच सोयीचं ठरलं.

आता दहाव्या दिवसाबद्दल. तो दिवस आला आणि गेला, शनिवारी तो गावी जाऊन अण्णांबरोबर जेवूनही आला होता, तरीही सुटल्यासारखं वाटलं नाही. माझ्याकडे तो आला तो त्यानंतर. पहिल्याच भेटीत त्याने एक हिशोब मांडला. ४.४० म्हणजे अजून अरुणोदय झाला नव्हता, तो रात्रीचा चौथा प्रहर, म्हणजे मुदत पंधरा दिवसांची. पंधरा दिवसांनंतरच्या भेटीत म्हणाला, आपण दीडला झोपतो, त्यामुळे आपल्यासाठी ४.४० हा तिसरा प्रहर धरायला हवा. म्हणजे तीन महिने.

हे सांगताना तो स्वतःच हसला, आणि त्या हसण्याचा मी उपयोग करून घेतला. श्रद्धा असलेला माणूस मुदत संपली की मोकळा होतो: काही घडलं नाही, देवाची कृपा. मुदत संपताच नवी मुदत काढणाऱ्याला शास्त्राशी फारसं देणंघेणं नसतं. त्याच्या काळजीला मुदत हवी असते, शास्त्र फक्त तारीख पुरवतं. म्हणून शास्त्रावर त्याच्याशी आणखी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मामांनी तो भाग नेमका आणि पुरेसा हाताळला होता. मी तोच पुन्हा उगाळला असता तर प्रहरांच्या हिशोबात आम्ही दोघंही अडकलो असतो.

त्याऐवजी एक वही केली. सकाळी आठवेल ते प्रत्येक स्वप्न, शुभ-अशुभ न ठरवता, तीन-चार ओळींत लिहायचं. त्यातलं एखादं भाकीत वाटलं तर त्याच वेळी लिहायचं: नेमकं काय घडेल, कोणाला, कोणत्या तारखेपर्यंत. नंतर तारीख बदलायची नाही. काही आठवड्यांत वहीत मॅनेजर बैलगाडीतून ऑफिसला आला, अण्णा एस.टी.त तिकिटं फाडताहेत, दहावीचा गणिताचा पेपर पुन्हा द्यायचाय, असली स्वप्नं भरली. भाकिताच्या रकान्यात त्याने पहिल्या आठवड्यात चार नोंदी केल्या, नंतर एक-दोन, आणि मग तो रकाना रिकामाच राहू लागला. एकही नोंद तारखेत खरी ठरली नाही, पण तेवढ्याने काम झालं असं मला वाटत नाही. काय घडेल ते तारखेसह नेमकं लिहायला बसलं की भीती बरीचशी विरते, कारण भीतीला नेमकेपणा परवडत नाही.

खाटेचं स्वप्न मात्र त्याला आणखी दोनदा पडलं. परत परत पडणाऱ्या दुःस्वप्नांसाठी प्रतिमांची उजळणी ही पद्धत चांगली लागू पडते. दिवसा, जागेपणी, शांत बसून स्वप्न लिहायचं, त्यातला हवा तो भाग हवा तसा बदलायचा आणि बदललेलं स्वप्न रोज दहा-पंधरा मिनिटं मनात चालवायचं. काय बदलायचं ते मी सुचवत नाही, ज्याचं स्वप्न त्याने ठरवायचं. मला वाटलं होतं तो अण्णांना बरं करेल. त्याने फक्त चपला शोधल्या. कोनाड्याखाली होत्या म्हणाला. चपला घातल्या आणि खाटेपर्यंत गेला. ‘मी इथे बसून काय करतोय’ या त्याच्या प्रश्नाशी हे इतकं नीट जुळत होतं की मी वेगळं काही बोलले नाही. पुढे तो महिन्यातून एकदा गावी जाऊ लागला, ते मात्र माझ्याशी चर्चा न करता.

हे उत्तर प्रत्येक ठिकाणी चालणार नाही. अण्णा खरोखर अत्यवस्थ असते तर धागे उलगडण्यात वेळ न घालवता मुलाला गाडीत बसायला सांगणं हेच उत्तर झालं असतं. ज्याने एक पालक आधीच गमावलाय आणि तेव्हाही स्वप्न पडलं होतं, त्याच्याशी चरक-सुश्रुत बोलून चालत नाही. तिथे आधी त्या पहिल्या मृत्यूबद्दल बोलावं लागतं. आठवड्यातून अनेकदा दुःस्वप्नं पडताहेत, भीतीने झोपणंच टाळलं जातंय, किंवा स्वप्नाचं संकट टाळण्यासाठी दाराला ठरावीक वेळा हात लावणं, ठरावीक रंग टाळणं असे विधी वाढताहेत, तर ते मंत्रचळाकडे जाणारं लक्षण असू शकतं आणि मनोविकारतज्ज्ञाला दाखवायला हवं. हा मुलगा त्या वळणापर्यंत गेला नव्हता. तरी बँकेचे मेसेज तपासण्याबद्दल त्याने सांगितलं तेव्हा मी दोन भेटींत त्याची खास चौकशी केली.

तीन महिन्यांनी अण्णांचं एचबीए१सी ५.९ आलं. कवळी बसली, पण ती टोचते म्हणून जेवण सोडून इतर वेळी खिशातच असते. रिपोर्टचा फोटो या वेळी आईने स्वतः पाठवला, त्याच संध्याकाळी. मुलाने तो मामांना पुढे पाठवला तेव्हा मामांनी विचारलं, “आणि तुझी साखर?”

अजून त्याने तपासलेली नाही.